शाईच्या तांबड्या टिंबांचे दिवस

आठवीत असताना आमची सहल बारवी धरणावर गेली होती. बदलापूरहून एसटीने निघालो, डबे धरणाजवळच्या झाडांखाली उघडले आणि परतल्यावर सरांनी फुलस्केपच्या दोन पानांचा वृत्तांत लिहायला सांगितला. माझी दोन पाने एकाच श्वासात लिहिलेली होती. वही परत आली तेव्हा माझ्या वाक्यांत सरांचा एकही शब्द नव्हता. ठिकठिकाणी तांबडी टिंबे होती, काही क्रियापदांखाली बारीक रेघा होत्या आणि समासात दोनदा ‘कोण?’ असे विचारले होते. त्याखेरीज सगळे माझेच होते.

यंदा शेजारच्या नववीतल्या मुलीने जलसुरक्षा या विषयाचा प्रकल्प अहवाल वाचायला दिला आणि ती पाने आठवली. तीच जागा, तेच धरण. आता मात्र वही नव्हती. गुगल डॉक्सचा दुवा आला होता आणि अहवालाचा बराच भाग तिने फोनसमोर बोलून उतरवला होता. बोलून उतरवलेल्या मजकुरात थांबा उमटत नाही. निरोप पाठवताना तर ओळ संपली की बोट बाण दाबते, पूर्णविरामाची गरजच उरत नाही. आमच्या वेळी वाक्ये एकमेकांत घुसायची ती हात थांबत नसे म्हणून, आता घुसतात ती हाताला थांबावेच लागत नाही म्हणून. चूक मात्र तीच.

तशी ही खोड मराठीला नवी नाही. मोडीत शब्दही न तोडता ओळ चालायची आणि वाचणारा क्रियापदावरून वाक्य ओळखायचा. आजची विरामचिन्हे एकोणिसाव्या शतकात छपाईबरोबर इंग्रजीकडून आली. ती रुजवण्यात मेजर थॉमस कँडी यांचा मोठा वाटा आहे. चिन्हे बाहेरची असली तरी ज्या जागी ती बसतात ती जागा मराठीच्या आतलीच आहे. आपले वाक्य बहुधा क्रियापदावर संपते, म्हणून सर आधी क्रियापदाखाली रेघ मारत.

मुलीचा उतारा असा होता: ‘बारवी धरण १९७२ साली बांधून झाले, ते महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाचे आहे, कारखान्यांना आणि शहरांना पाणी देतात, पुढे उंची वाढवली, गावे पाण्याखाली गेली, पाणीसाठा वाढला, पावसाळ्यात धरण भरले की दरवाजे आपोआप उघडतात तेव्हा नदीकाठी जाऊ नये असे तिथल्या काकांनी सांगितले आम्ही चार वाजता परत निघालो’.

मी सरांसारख्या रेघा मारल्या. झाले, आहे, देतात, वाढवली, गेली, वाढला, भरले, उघडतात, जाऊ नये, सांगितले, निघालो. अकरा क्रियापदे आणि पूर्णविराम एकही नाही. मग प्रत्येक दोन रेघांमध्ये काय आहे ते पाहायचे. ‘भरले’ आणि ‘उघडतात’ यांच्यामध्ये ‘की’ आहे. तो सांधा पक्का आहे, तिथे हात लावायचा नाही. ‘झाले’ आणि ‘आहे’ यांच्यामध्ये नुसता स्वल्पविराम आहे आणि ‘सांगितले’नंतर तर तोही नाही. दुरुस्ती करायची ती अशा जागी.

मात्र प्रत्येक स्वल्पविराम चूक धरू नये. ‘आला, बसला, जेवला, गेला’ हे शुद्ध मराठी आहे. कर्ता एक, काळ एक, घटना एकामागून एक. असे असले की स्वल्पविराम भार पेलतो. या उताऱ्यात कर्ता मध्येच बदलतो: धरण, मग न सांगितलेले कोणीतरी, मग गावे, मग पाणीसाठा. तिथे स्वल्पविराम अपुरा पडतो.

‘झाले’ आणि ‘आहे’ यांच्यापुढे पूर्णविराम सहज बसले. ‘देतात’पाशी मी समासात टीप टाकली: ‘कोण?’ तिने स्वतःच बदलून ‘महामंडळ कारखान्यांना आणि शहरांना पाणी देते’ असे केले. धावत्या वाक्यात कर्ता गळून जातो आणि लिहिणाऱ्याच्या ते लक्षातही येत नाही. वाक्य तोडले की तो हरवल्याचे कळते.

मग आले ‘उंची वाढवली, गावे पाण्याखाली गेली, पाणीसाठा वाढला’. येथे मी बराच वेळ थांबले, कारण नेमक्या या जागी माझ्या हातून एकदा अन्याय झाला आहे.

मी नवी शिक्षिका होते. धरणासाठी गाव सोडावे लागलेल्या घरातला एक मुलगा वर्गात होता. त्याने लिहिले होते, ‘गावे पाण्याखाली गेली, शहरांना पाणी मिळाले’. वाक्य तुटक वाटले म्हणून मी मध्ये ‘पण’ घातला. व्याकरण सुधारले. वही हातात घेऊन तो माझ्यापाशी आला आणि म्हणाला, “बाई, मी ‘पण’ लिहिलं नव्हतं.” त्याचे खरे होते. ‘पण’ नंतरचे वाक्य आधीच्या वाक्यावर वरचढ होते. गावे गेली, पण पाणी मिळाले, म्हणजे झाले ते ठीकच झाले. त्याने दोन गोष्टी शेजारी ठेवल्या होत्या. मी तराजू एका बाजूला झुकवला होता.

तेव्हापासून मी जोडशब्द आपल्या मनाने घालत नाही. ‘त्यामुळे’ लिहिले की कारण सांगितले जाते, ‘तरीही’ लिहिले की तक्रार येते. ‘वाढवून’ करून दोन वाक्ये एकात ओढावीत तर ‘उंची वाढवून गावे पाण्याखाली गेली’ असे होते, जणू गावांनीच उंची वाढवली. पूर्णविराम मात्र काहीच म्हणत नाही. तो फक्त थांबतो. म्हणून मुलीच्या उताऱ्यात मी तीन छोटी वाक्ये केली: पुढे उंची वाढवली. गावे पाण्याखाली गेली. पाणीसाठा वाढला. त्यांचा परस्परसंबंध तिला लिहायचा असेल तर तो तिने लिहावा.

शेवटी एक अडचण उरली. ‘उघडतात’ नंतर पूर्णविराम दिला तर दरवाज्यांची माहिती मुलीची ठरते आणि काकांकडे फक्त सूचना उरते. शिवाय ‘तेव्हा’ म्हणजे ‘त्या वेळी’ की ‘म्हणून’, दोन्ही अर्थ मराठीत चालतात. कागद पाहून हे ठरत नाही. मी विचारले. ती म्हणाली, “आजी, दोन्ही काकांनीच सांगितलं. आणि दरवाजे उघडतात त्या वेळी जायचं नाही.” मग वाक्य अखंड ठेवले: पावसाळ्यात धरण भरले की दरवाजे आपोआप उघडतात, तेव्हा नदीकाठी जाऊ नये, असे तिथल्या काकांनी सांगितले. ‘तेव्हा’ आधी आणि ‘असे’ आधी स्वल्पविराम, ‘सांगितले’नंतर पूर्णविराम. लांब वाक्य आहे, पण प्रत्येक सांधा जागेवर आहे.

आताच्या सोयीचे एक मला मनापासून आवडले. डॉक्समध्ये दुरुस्ती सुचवता येते, मूळ अक्षर पुसले जात नाही आणि ती घ्यायची की नाही हे लिहिणाऱ्याच्या हातात राहते. आमच्या सरांना ते तांबड्या टिंबांनी साधावे लागे. त्या मुलाच्या वहीत माझा ‘पण’ शाईचा होता, तो खोडूनही दिसत राहिला.

मुलीच्या उताऱ्यात आता आठ पूर्णविराम आहेत. शब्द बदलले ते फक्त पाणी देण्याच्या वाक्यात, आणि ते तिने स्वतः बदलले.