बातमी, तूप आणि कविता

अन्यायाची बातमी वाचली की आपल्या कार्यकर्त्यांच्या हातून दोन गोष्टी लिहिल्या जातात. एक निवेदन, दुसरी कविता. अडचण अशी की कविता बहुतेक वेळा निवेदनासारखीच निघते. "अजून किती सोसायचं", "मनुवाद्यांनो, ऐका", "संविधान तुम्हाला विचारील" ही वाक्यं चुकीची नाहीत. पण ती कोणत्याही बातमीखाली चिकटवता येतात. गाव बदललं, साल बदललं तरी ओळी त्याच राहतात. सहा डिसेंबरला मंचावरून त्या वाचल्या तर टाळ्या पडतात, आणि ज्याच्यावर बेतलं तो माणूस तेवढ्यातच विसरला जातो. माझा आक्षेप इथे आहे. बातमीने त्याला आधीच 'एक दलित' करून ठेवलेलं असतं. आपल्या कवितेनेही त्याला उदाहरणच केलं, तर त्याच्या वाट्याला काय आलं?

आम्ही कोल्हापुरात काही जण आठवड्यातून एकदा बसतो. कॉलेजची मुलं, दोन अंगणवाडी ताई, एक निवृत्त एसटी कंडक्टर. तिथे यावर काम करायला मी मुद्दाम जुनी बातमी घेतली, म्हणजे ताज्या रागाने हात थरथरणार नाही. बातमी बाबासाहेबांनीच आपल्यापुढे ठेवलेली आहे. लाहोरच्या जातपात तोडक मंडळासाठी लिहिलेलं आणि न झालेलं १९३६ चं भाषण, 'जातिनिर्मूलन', त्यात ती येते. जयपूर संस्थानातलं चकवारा गाव, एप्रिल १९३६. तीर्थयात्रेहून परतलेल्या एका अस्पृश्य माणसाने आपल्या जातभाईंना जेवण दिलं. जेवणात तूप होतं. पंगत बसलेली असताना शेकडो हिंदू लाठ्या घेऊन आले, अन्नाची नासाडी केली, जेवणाऱ्यांना मारलं. कारण एकच, अस्पृश्यांनी तूप वाढलं आणि खाल्लं.

बाबासाहेब ही आणि अशा इतर घटना मांडतात आणि मग राजकीय हक्क मागणाऱ्या हिंदूंना विचारतात की तुम्ही सत्तेला लायक आहात का. तो लेख आहे. लेखात प्रश्न विचारायलाच हवा. म्हणून ते काम आता झालेलं आहे, कवितेने ते पुन्हा करायची गरज नाही. कवितेने लेखाने सोडलेल्या जागी जायचं.

ती जागा शोधायला आम्ही कागदाचे दोन भाग केले. डावीकडे बातमीतल्या फक्त अशा गोष्टी, ज्या दिसतात किंवा हाताला लागतात: तूप, लाठ्या, अन्न, बसलेली माणसं. उजवीकडे ठरवणारे शब्द: अत्याचार, उद्दामपणा, अपमान. उजवी बाजू झाकून टाकली. डावीकडच्या यादीत एकच वस्तू अशी आहे जी लाठ्यांशी मेळ खात नाही. तूप. मारामारीच्या बातम्यांत लाठ्या नेहमीच असतात, तूप नसतं. जी गोष्ट दुसऱ्या बातमीत हलवता येत नाही, तिथून सुरुवात करायची.

मग वेळ ठरवायची. बातमी नेहमी शेवटाकडून बोलते, कारण मथळ्यात शेवटच छापलेला असतो. म्हणून आम्ही लाठ्या यायच्या आधीची वेळ घेतली. मथळा शीर्षकात टाकला, कवितेत आणलाच नाही. सगळ्यांनी मिळून हा खर्डा झाला:

चकवारा, एप्रिल १९३६
(तूप खाल्लं म्हणून पंगतीवर लाठ्या)

यात्रेहून आलेल्या माणसाने
तूप चुलीवर ठेवलं.
आधी कडेने सुटलं,
मग मधला गोळा हलला.
वाढणाऱ्याने विचारलं, किती?
पहिल्या पंगतीत
कोणी उत्तर दिलं नाही.
किती म्हणायचं असतं
हे कोणालाच माहीत नव्हतं.

शेवटच्या दोन ओळी बी.ए.ला असलेल्या एका मुलाच्या. सगळ्यांना आवडल्या. अंगणवाडीतल्या ताईंना मात्र नाही. त्या म्हणाल्या, "माहीत का नसंल? दुसऱ्याच्या घरी राबणाऱ्या बाईला सगळं माहीत असतंय. तुम्ही त्यांना अडाणी केलंसा."

त्यांचं बरोबर होतं. बातमीत कुठेही लिहिलेलं नाही की त्या लोकांना तूप ठाऊक नव्हतं. तो आपला निष्कर्ष, आणि निष्कर्ष म्हणजेच भाष्य. फक्त इथे ते करुणेचा सदरा घालून आलं होतं, म्हणून पटकन ओळखू आलं नाही. घोषणेतलं भाष्य लगेच कळतं, कळवळ्यातलं उशिरा कळतं. दोन्हींत माणसाच्या वतीने आपणच बोलतो. त्या दोन ओळी काढल्या. कविता आता 'कोणी उत्तर दिलं नाही' इथे थांबते. का दिलं नाही? भीतीने, लाजेने, की तोंडात पहिला घास होता म्हणून? ते पंगतीतल्यांचं आहे, त्यांच्याकडेच राहू द्यावं. वाचणाऱ्याला वर कंसात छापलेल्या लाठ्या माहीत आहेत. त्या शांततेत त्या त्यालाच ऐकू येतील.

कोणी विचारील, चुलीवरचं तूप तरी बातमीत कुठे आहे? नाही. पण तूप वितळतं तसंच वितळणार, त्यात कोणाच्या मनाबद्दल दावा नाही. वस्तूंबद्दल कल्पना करता येते. मेलेल्या किंवा मार खाल्लेल्या माणसाच्या मनात काय होतं ते मात्र आपण ठरवू नये. आजच्या ताज्या घटनेवर लिहिताना हा नियम आणखी कडक पाळावा, कारण त्याच्या घरचे लोक ती कविता वाचणार असतात.

छापील बातमीऐवजी कानावर पडलेली खबर असेल तर मराठीने आपल्याला एक शब्द दिला आहे: म्हणे. २०१९ च्या महापुरात पेपरात राजाराम बंधाऱ्याचे फूट छापून येत, धोक्याची पातळी ४३ आणि पाणी पंचावन्नच्या वर. बसमध्ये मात्र लोक बोलायचे, "चिखलीत म्हशी दाव्यातनं सोडल्या म्हणं." या 'म्हणं' मध्ये सगळं आहे. सांगणाऱ्याने पाहिलेलं नाही, तरी सांगितल्याशिवाय राहवत नाही. आपण कविता लिहायला बसलो की पहिल्यांदा हाच शब्द खोडतो आणि स्वतः साक्षीदार असल्यासारखं लिहितो. तिथून भाष्य सुरू होतं. 'म्हणं' ठेवलं की आपली जागा खरी राहते: आपण ऐकणारे आहोत, न्यायाधीश नाही.

खर्डा झाल्यावर तपासायची सोपी रीत आहे. बातमी न वाचलेल्या माणसाला तो वाचून दाखवा. तो "अगदी बरोबर बोललास" म्हणाला, तर तुम्ही लेख लिहिला आहे. तो "मग पुढं काय झालं त्यांचं?" म्हणाला, तर कविता झाली. दुसरी खूण अशी, की शेवटच्या दोन ओळी झाका. अर्थ तसाच राहिला तर त्या ओळी आपल्यासाठी होत्या, वाचणाऱ्यासाठी नव्हत्या.

काही मित्र म्हणतात, हे तटस्थपणाचं सोंग आहे, आपल्याला बाजू घ्यावीच लागते. घ्यावीच लागते. पण चकवाऱ्यात लाठ्या सोडून तुपापाशी बसणं हीच बाजू आहे. लाठ्या घेऊन आलेल्यांना त्या पंगतीची फक्त नासाडी दिसायला हवी होती. कविता ती पंगत पुन्हा मांडते आणि त्या माणसांना जेवायला बसवते. निवेदन आपण वेगळ्या कागदावर लिहूच, तहसीलदारांच्या टेबलावर ठेवूच. ते तिथेच जास्त कामाचं आहे.

जय भीम.