अंगठा खरा, संमती खोटी

‘अंगठेबहाद्दर’ हा शब्द आपण किती सहजपणे वापरतो! ज्याला सही करता येत नाही त्याची थट्टा करण्यासाठी तो जन्माला आला असावा. परंतु याच अंगठ्याच्या ठशावर एखाद्याची सारी जमीन परक्याच्या नावावर जाऊ शकते, आणि ती परत मिळवायची तर तोच ठसा कोर्टात समजावून सांगावा लागतो, हे मला माझ्या आत्याच्या दाव्यामुळे कळले.

आत्या विधवा, निपुत्रिक आणि निरक्षर. तिच्या नावावर 80 आर जमीन. तिचा सगळा बाहेरचा व्यवहार, म्हणजे बियाणे, सोसायटी, बँक, तलाठी, तिच्या दिराचा मुलगा पाहत असे. जून 2019 मध्ये “पीककर्जाच्या कागदावर अंगठा लागतो” असे सांगून त्याने तिला तालुक्याच्या दुय्यम निबंधक कार्यालयात नेले. तिथे तिचा फोटो निघाला, यंत्रावर अंगठा घेतला गेला. साहेबांनी “मान्य आहे ना?” असे विचारले, ती “हो” म्हणाली. घरी आल्यावर शेत पूर्वीसारखे तीच कसत राहिली. जून 2022 मध्ये खताच्या कामासाठी तिने माझ्याकडून सात-बारा काढून घेतला, तेव्हा त्यावर तिचे नावच नव्हते. “माझं नाव कुटं गेलं रं बाळ?” या तिच्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हते.

उत्तर शोधण्यासाठी प्रथम खरेदीखताची सही-शिक्क्याची नक्कल काढावी लागली. घरात शिकलेला मी एकटाच, म्हणून ती वाचण्याचे काम माझ्याकडे आले. ‘राजीखुशीने व अक्कलहुशारीने, कोणाच्याही दडपणाखाली न येता लिहून देते, मजकूर वाचून दाखवला, तो समजला.’ ज्या बाईला काहीच समजू दिले नव्हते, तिच्या तोंडी घातलेली ही वाक्ये! त्याखाली किंमत 3,50,000 रुपये, ‘रोख मिळाले, तक्रार नाही’. आणि वरच्या बाजूला मुद्रांकासाठी काढलेले सरकारी बाजारमूल्य 8,20,000 रुपये. वकीलसाहेबांनी या दोन आकड्यांखाली पेन्सिलीने रेघ ओढली. मग त्यांनी मागचे पान उलटले. निबंधकासमोर पैसे दिले गेले असते, तर तशी नोंद शेऱ्यात झाली असती. ती नव्हती.

गावातली शहाणी माणसे सांगत होती, “अंगठा माझा नव्हेच असं म्हणावं.” वकीलसाहेबांनी हा सल्ला पहिल्याच दिवशी मोडून काढला. ठसा तज्ज्ञाकडे गेला की तो तिचाच निघणार, आणि मग तिच्या खऱ्या बोलण्यावरही कोणी विश्वास ठेवणार नाही. नोंदणीकृत दस्त रीतसर झाला असे कायदा गृहीत धरतो. पण ते गृहीत पुराव्याने खोडता येते. नोंदणीमुळे एवढेच कळते की अमुक बाई आली, तिने अंगठा दिला आणि होकार दिला. तो होकार कशाला होता, हे नोंदणी सांगत नाही. आमचा दावा नेमका याच फटीत उभा आहे.

फसवणुकीचे कायद्याने दोन प्रकार मानले आहेत. कर्जाचा कागद म्हणून खरेदीखतावर अंगठा घेतला, तर ती दस्ताच्या स्वरूपाविषयीची फसवणूक होय आणि दस्त मुळातच निरर्थक ठरतो. विक्री ठाऊक होती, पण एका गटाऐवजी दोन गट लिहिले, तर ती मजकुराविषयीची फसवणूक. असा दस्त रद्द करून घेईपर्यंत चालू राहतो. सर्वोच्च न्यायालयाने 1968 च्या एका निकालात हा भेद स्पष्ट केला आहे. आमच्या दाव्यात दस्त निरर्थक असल्याचे जाहीर करावे आणि तो रद्द करावा, अशा दोन्ही मागण्या आहेत. शिवाय ‘फसवले’ एवढे मोघम लिहून भागत नाही. कोणी, कोणत्या दिवशी, कोणत्या शब्दांत सांगितले, हे दाव्यात तपशिलाने लिहावे लागते.

पुराव्याचा भारही इथे थोडा सरकतो. एरवी फसवणूक सांगणाऱ्यानेच ती सिद्ध करायची. पण ज्याच्यावर पूर्ण भरवसा होता, त्यानेच निरक्षर, वृद्ध माणसाकडून लाभ घेतला असेल, तर व्यवहार सचोटीचा होता हे त्याने दाखवावे, असे तत्त्व आहे. 2003 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका अतिवृद्ध निरक्षर माणसाच्या दस्ताबाबत ते पुन्हा सांगितले. म्हणून आत्या निरक्षर आहे एवढ्यावर आमचे भागत नाही. सोसायटीच्या पावत्यांवर, बँकेच्या स्लिपांवर पुतण्याचे अक्षर आहे, हे आम्हाला अधिक मोलाचे वाटते.

खरी लढाई मात्र तारखेची आहे. असा दस्त रद्द करण्याचा दावा, ज्या गोष्टींमुळे तो रद्द होऊ शकतो त्या प्रथम कळल्यापासून 3 वर्षांत आणावा लागतो. आम्हाला जून 2022 मध्ये कळले आणि दावा फेब्रुवारी 2023 मध्ये दाखल झाला. प्रतिवादीने कैफियतीत लिहिले की, फेरफाराच्या नोटिशीवर ऑगस्ट 2019 मध्ये बाईचा अंगठा आहे, म्हणजे तेव्हाच तिला ठाऊक होते, म्हणून दावा मुदतबाह्य आहे. एका अंगठ्याने जमीन गेली, दुसऱ्याने दावा जाऊ पाहत होता! आमचे म्हणणे असे की, ती नोटीसही त्यानेच ‘कर्जाचा कागद’ म्हणून पुढे केली. आणि सर्व ठाऊक असते तर 3 वर्षे तीच पेरणी का करत होती, आणि विकत घेणारा गप्प का बसला? सात-बारावरील फेरफाराने मालकी मिळत नाही. पण कळल्याची तारीख ठरवताना तो कागद जड जातो.

दाव्यासोबत आणखी एक काम केले. त्याची माहिती मला फार थोड्यांना असलेली दिसली. दावा चालू असताना जमीन तिसऱ्याला विकली, तर तो निकालाने बांधला जातो. मात्र महाराष्ट्रात त्यासाठी दावा प्रलंबित असल्याची नोटीस निबंधकाकडे नोंदवावी लागते. नुसता दावा लावून स्वस्थ बसले, तर ‘मी पैसे मोजून अजाणतेपणी घेतली’ असे म्हणणारा नवा खरेदीदार उभा राहू शकतो.

मागील वर्षी आत्याची उलटतपासणी झाली. “हा अंगठा तुमचाच ना?” “माझाच.” “साहेबांनी विचारलं तेव्हा तुम्ही हो म्हणालात ना?” “म्हणाले. कर्जाला म्हणाले.” वकिलाने तोच प्रश्न तीन तऱ्हांनी विचारला, तिचे उत्तर तेच राहिले. तिला कोणी पढवले नव्हते. खरे एकच असल्याने तिला ते आठवत बसावे लागले नाही.

निकाल अजून व्हायचा आहे, आणि तो आमच्याकडून लागेलच असे नाही. लागला तर काही रक्कम मिळाली होती असे ठरल्यास कोर्ट ती परत करायलाही सांगू शकते. दुय्यम निबंधकाला स्वतःहून खरेदीखत रद्द करण्याचा अधिकार नाही. कोर्ट हुकूमनाम्याची प्रत त्याच्याकडे पाठवते आणि तो आपल्या दप्तरातील त्या दस्ताच्या नकलेवर रद्द झाल्याची नोंद करतो. मूळ पान फाडले जात नाही. ‘राजीखुशीने व अक्कलहुशारीने’ हे शब्द तिथेच राहतात. फक्त ते खोटे होते, एवढे त्यांच्याजवळ लिहिले जाते.