पोटॅशियम ६.४

चाकणच्या संकलन केंद्रात घेतलेल्या आईच्या रक्तात पोटॅशियम ६.४ निघाले, साधारण मर्यादा ३.५ ते ५. लगेच तिची रक्तदाबाची गोळी थांबली, पोटॅशियम उतरवणारी भुकटी सुरू झाली. रक्तदाब मात्र चढला. ईसीजी आणि क्रिएटिनिन नेहमीसारखेच असल्याने डॉक्टर साशंक झाले.

वाचकहो, पेशी वेगळ्या न करता नळीतले रक्त तासन्‌तास राहिले, तर तांबड्या पेशींतले पोटॅशियम बाहेर झिरपते. आकडा फुगतो, शरीरात वाढ नसते.

मी लेखी तक्रार देऊन विनाशुल्क फेरतपासणी मागितली. पिंपरीच्या मुख्य प्रयोगशाळेतच दिलेल्या ताज्या नमुन्यात ४.४ आले. "औषधाने उतरले असेल," असे उत्तर मिळाले, आणि ते अगदीच खोटे म्हणता येत नव्हते! म्हणून दुसऱ्या पत्रात पहिला नमुना घेतल्याची, पोहोचल्याची आणि पेशी वेगळ्या केल्याची वेळ मागितली. नोंदीनुसार मधे आठ तास गेले होते.

"जुना कागद फाडून टाका," असेही सुचवले गेले. पण रुग्णालयाच्या फायलीतला ६.४ कोण फाडणार? अखेर जुन्या अहवालाचा क्रमांक आणि कारण नमूद केलेला 'सुधारित अहवाल' सहीनिशी मिळाला. तो पाहून डॉक्टरांनी भुकटी बंद केली, गोळी पूर्ववत केली.