शिकामू आणि मारहाबा

मुलगा नोकरीनिमित्त टांझानियात, दार एस सलामला आहे. त्याच्या सहकाऱ्याच्या घरी, किलिमांजारोच्या पायथ्याशी मोशीजवळ, आम्ही दोन दिवस मुक्कामाला जाणार होतो. यजमानीणबाई पन्नाशीच्या. मागच्या खेपेला दारला त्यांची भेट झाली होती. निघण्याआधी त्यांना निरोप पाठवायचा होता आणि सूनबाईने मला तो स्वाहिलीत लिहायला बसवलं. सहा अक्षरांत "शनिवारी येतो" असं कळवता आलं असतं, पण तिकडे तसं कोणी करत नाही. आधी विचारपूस, मग काम.

पहिला प्रश्न वयाचा. स्वाहिलीत लहानाने मोठ्याला "शिकामू" म्हणायचं, मोठ्याने "मारहाबा" असं उत्तर द्यायचं. शिकामूचा अर्थ "पाय धरतो" असा सांगतात, म्हणजे आपलं "पाया पडतो"च की! माझा मुलगा त्यांना शिकामू लिहील, पण चौऱ्याहत्तरीची मी लिहिलं तर त्यांना संकोच वाटेल. म्हणून मी "हुजाम्बो, मामा?" अशी सुरुवात केली.

मंडळी, इथे मामा म्हणजे आई बरं का! काका म्हणजे भाऊ, दादा म्हणजे बहीण, आणि आजीला म्हणायचं बीबी. बाबा मात्र बाबाच. आमच्या संगमनेरकडे जशी "अमक्याची आई" अशी हाक मारतात, तशी तिकडेही "मामा" आणि पुढे लेकराचं नाव अशी हाक असते.

जाम्बो म्हणजे बाब, भानगड. हुजाम्बो म्हणजे "तुला काही भानगड नाही ना?" उत्तर "सिजाम्बो", मला काही नाही. तो किंवा ती बरी असेल तर "हाजाम्बो", ते सगळे बरे असतील तर "हावाजाम्बो". पर्यटकांना नुसतं "जाम्बो" म्हणतात, पण घरच्या माणसाला लिहिताना पूर्ण रूप हवं. व्याकरण शिकवण्यात आयुष्य गेलेल्या बाईला ही नकारातली विचारपूस फार आवडली.

मग एकेक पायरी उतरत जायचं. "हबारी झा सिकु न्यिंगी?" म्हणजे बऱ्याच दिवसांची खबरबात काय? "हबारी झा न्युम्बानी?" घरची काय खबर? "बाबा हाजाम्बो? वातोतो हावाजाम्बो?" यजमान बरे आहेत ना, मुलं बरी आहेत ना? हबारी म्हणजे आपली खबरच. अरबी शब्द; तिकडेही पोचला, इकडेही. एवढं झाल्यावर मग "तुताफिका जुमामोसी", आम्ही शनिवारी पोचतो. शेवटी "वासालिमिए वोते", सगळ्यांना नमस्कार सांगा.

तासाभराने उत्तर आलं. "शिकामू, बीबी", मग "न्झुरी", म्हणजे छान. घरचं छान, मुलं छान. मी सुखावले. सूनबाई मात्र म्हणाली, "थांबा आई, पुढे लाकिनी आहे." लाकिनी म्हणजे आपलं लेकिन! तिकडे घरात आजारपण असलं तरी पहिलं उत्तर "न्झुरी"च असतं. खरी गोष्ट लाकिनीच्या पुढे येते. आपल्या गावातही म्हातारा आधी "बरं हाय" म्हणतो आणि मग "पण" म्हणून गुडघ्यावर येतो, तसंच. इथे लिहिलं होतं, "बाबा हाजाम्बो, लाकिनी अनाउम्वा." बाबा बरे आहेत, पण आजारी आहेत!

पहिल्याच शब्दावर वाचणं थांबवलं असतं, तर आजाऱ्याच्या घरी चार पाहुणे जाऊन बसलो असतो.

आता उत्तर काय द्यायचं? आधी तिच्या शिकामूला "मारहाबा", ते चुकवायचं नाही. मग "पोले". हा शब्द कुणाला त्रास झाला, ठेच लागली, कामाने दमला तरी म्हणतात. तो क्षमा मागण्याचा शब्द नाही. त्यासाठी "समहानी" वेगळा आहे. पोले म्हणजे "अरेरे, सोसावं लागलं तुला". घरातल्या सगळ्यांना म्हणायचं तर "पोलेनी". आजाऱ्यासाठी "उगुआ पोले", म्हणजे आजारपण हळूवार सरो. तेवढं लिहून मी विचारलं, बाबा बरे होईपर्यंत आम्ही थांबू का?

लगेच उत्तर आलं, "करिबूनी", या सगळे. सूनबाईने तरी फोन लावला, कारण यजमान "येऊ नका" कधीच लिहिणार नाहीत. बाबांना ताप होता, उतरत होता. आम्ही मुक्काम हॉटेलात ठेवला आणि रविवारी दुपारी तासभर फळं घेऊन भेटायला गेलो.

दारात त्या वाकून "शिकामू" म्हणाल्या. मी "मारहाबा" म्हटलं. आणि पुन्हा पहिल्यापासून, घरची खबर, मुलांची खबर, प्रवासाची खबर. निरोपात सगळं विचारून झालं होतं, तरीही. समोरासमोर ते वेगळं मोजतात.