घसा नव्हे, गळा

मराठीत घसा आणि गळा हे दोन वेगळे शब्द आहेत. घसा आतला, गिळताना खवखवणारा. गळा बाहेरचा, जिथे ठुशी बसते. हैदराबादला तीन भाषांत संसार करताना हा फरक मी विसरून गेले होते. गेल्या पावसाळ्यात तो चांगलाच आठवला.

बोनालूच्या दिवसांत आमच्या घरी एकेक जण सर्दी-तापाने पडला. मलाही चार दिवस ताप आला, गेला, मी ऑफिसला जाऊ लागले. तीन आठवड्यांनी पुन्हा बारीक ताप सुरू झाला आणि दुखायला लागलं. उजव्या जबड्यात, तिथून कानात. जवळच्या दवाखान्यात मी ‘गोंतु नोप्पी’ म्हणून मोकळी झाले. डॉक्टरांनी बॅटरी लावून घसा पाहिला आणि पाच दिवसांच्या अँटिबायोटिक गोळ्या दिल्या. काही फरक पडला नाही. मग दाढ दाखवली, ती ठणठणीत. कान दाखवला, तोही स्वच्छ.

त्या रविवारी काचीगुड्याहून आई आली. माझी तक्रार ऐकून म्हणाली, “घसा दुखतोय की गळा? बोट ठेवून दाखव बघू.” मी कंठमण्याच्या खाली, जरा उजवीकडे बोट ठेवलं आणि ओरडलेच. तिथला भाग कडक लागत होता. ओढणीचा स्पर्शही नकोसा का होतोय, ते तेव्हा कळलं.

दुसऱ्या एका डॉक्टरांनी रक्त तपासलं. थायरॉइडला काम करायला सांगणारं टीएसएच साधारण ०.४ ते ४ असावं लागतं, माझं ०.०१ होतं. थायरॉइडचं स्वतःचं हार्मोन, टी-फोर, मात्र वाढलेलं. ते जास्त झालं की मेंदूकडून येणारा हुकूम बंद होतो, म्हणून हे उलटं गणित. छाती धडधडायची, हात थरथरायचे, एसीतही घाम यायचा. गणपतीला मोदकाच्या कळ्या पाडायला बसले तर पारी हातातच फाटली. “थायरॉइड वाढलंय” असं सांगून मला कार्बिमाझोल ही थायरॉइड दाबणारी गोळी लिहून दिली. गळ्यावर कुणी हात ठेवला नाही.

तीन दिवस ती गोळी घेतली. मग आईच्या आग्रहाने हार्मोनच्या तज्ज्ञांकडे, म्हणजे एंडोक्रिनॉलॉजिस्टकडे गेले. त्यांनी रिपोर्ट बाजूला ठेवून आधी गळा दाबला. मी कळवळले. त्यांनी एकच प्रश्न विचारला, “महिन्या-दोन महिन्यांत ताप येऊन गेला का?” मग दोन तपासण्या सांगितल्या. रक्तातला ईएसआर शरीरात कुठेतरी सूज आहे हे सांगतो, तो ८२ आला. थायरॉइडच्या स्कॅनमध्ये ग्रंथी जवळजवळ दिसलीच नाही. ती जास्त काम करत असती तर सोबत दिलेलं औषध तिने भराभर ओढून घेतलं असतं. इथे ती काहीच घेत नव्हती.

आजाराचं नाव सबअॅक्यूट थायरॉइडायटिस. स्वित्झर्लंडचे शल्यचिकित्सक फ्रिट्झ द केर्व्हँ यांनी १९०४ मध्ये त्याचं वर्णन केलं, म्हणून त्यांचंही नाव त्याला आहे. बहुतेक वेळा तो विषाणूच्या आजारानंतर काही आठवड्यांनी येतो. २०२० मध्ये इटलीतल्या पिसाच्या डॉक्टरांनी कोविडनंतर असाच त्रास झालेल्या एका १८ वर्षांच्या मुलीची नोंद प्रसिद्ध केली. पुढे तशा नोंदी अनेक देशांतून आल्या.

मला तो कणगीच्या भाषेत समजला. आमच्या मराठवाड्यातल्या घरी धान्याची कणगी असायची. थायरॉइडमध्येही कित्येक आठवडे पुरेल इतकं हार्मोन साठवलेलं असतं. सूज आली की ती कणगी फुटते आणि सगळा साठा एकदम रक्तात सांडतो. धडधड त्या सांडलेल्या साठ्याची असते, नवीन धान्य काही येत नसतं. कार्बिमाझोल नवीन हार्मोन तयार होणं थांबवते. जे सांडलंय त्याला ती काय करणार? म्हणून ती बंद झाली. धडधडीसाठी थोडे दिवस प्रोप्रॅनोलॉल दिली. मला दमा नाही ना, हे आधी विचारून.

सूज आणि दुखण्यासाठी आधी साध्या वेदनाशामक गोळ्या झाल्या. त्यांनी भागेना, तेव्हा प्रेडनिसोलोन, म्हणजे स्टेरॉइड, रोज २० मिलिग्रॅम सुरू केलं. दुसऱ्याच दिवशी सकाळी मी मान वळवून खिडकीबाहेर पाहिलं! इतक्या दिवसांनी दुखलं नाही, म्हणून रडू आलं. आणि इथेच मी शहाणपणा केला. स्टेरॉइड वाईट असं ऐकलेलं, दुखणं गेलेलं, म्हणून सातव्या दिवशी गोळी आपल्या मनाने बंद केली. चार दिवसांत दुखणं परत आलं, या वेळी डाव्या बाजूला. डॉक्टर रागावले नाहीत. म्हणाले, दुखणं थांबलं म्हणजे सूज गेली असं नाही, आणि या आजारात ती एका बाजूकडून दुसरीकडे सरकतेही. पुन्हा २० पासून सुरुवात झाली, मग दर काही दिवसांनी थोडं थोडं कमी करत सहा-सात आठवड्यांनी गोळी संपली.

दिवाळीच्या आधी धडधड गेली. मला वाटलं, सुटले. पण दिवाळीनंतर थंडी वाजू लागली, पाय सुजले, मीटिंगमध्ये डोळे मिटायचे, वजन वाढलं. चकलीच्या माथी मारून मी गप्प बसले असते, पण रक्त तपासायची तारीख ठरलेली होती. टीएसएच २४! तीन महिन्यांपूर्वी शून्याला टेकलेलं. कणगी रिकामी झाली होती आणि नवीन धान्य अजून यायचं होतं.

आईला वीस वर्षांपासून थायरॉइडची गोळी आहे. रिपोर्ट पाहून ती हळूच म्हणाली, “म्हणजे तूही आता माझ्यासारखीच.” मलाही तीच भीती होती. डॉक्टरांनी समजावलं. आईच्या बाबतीत शरीराचीच प्रतिकारशक्ती ग्रंथीवर उलटली आहे, ते नुकसान सहसा भरून येत नाही. माझी ग्रंथी सुजून गेली आहे, ती बहुतेकांची पुन्हा उभी राहते. मला थायरॉक्सिन ५० मायक्रोग्रॅम दिलं, पण चिठ्ठीवरच लिहिलं, ‘तात्पुरते’.

ते लिहिलं नसतं तर मी ती गोळी जन्मभर घेत राहिले असते. गोळी चालू असताना टीएसएच नॉर्मलच येतं, मग ग्रंथी बरी झाली की गोळीने सांभाळलं, हे कळणार कसं? त्यासाठी गोळी थांबवूनच पाहावं लागतं. संक्रांतीनंतर डॉक्टरांनी ती आधी २५ केली, मग बंद केली आणि सहा आठवड्यांनी तपासायला बोलावलं. ते सहा आठवडे मी रोज सकाळी आरशासमोर गळ्यावरून हात फिरवत होते.

पाडव्याच्या आदल्या दिवशी रिपोर्ट आला. टीएसएच २.६. गोळीशिवाय.

काही जणांची ग्रंथी पूर्ण सावरत नाही आणि त्यांना गोळी कायम लागते. क्वचित हा आजार वर्षांनी परतही येतो. म्हणून मला दरवर्षी एकदा रक्त तपासायचं आहे. फाईलमध्ये तीन रिपोर्ट एकाखाली एक लावलेत, ०.०१, २४ आणि २.६. त्यांतला कुठलाही एकच कुणी पाहिला, तर माझ्याबद्दल वेगळाच निष्कर्ष काढेल. नवीन डॉक्टरांकडे जाताना मी आता तिन्ही घेऊन जाते, आणि काय दुखतंय ते बोट ठेवून दाखवते.

पाडव्याला आईने तिची ठुशी माझ्या गळ्यात घातली. मागचा गोंडा घट्ट ओढताना तिने विचारलं, “दुखतंय का गं?” नव्हतं दुखत.