फुटपाथ कागदावर, मुलं रस्त्यावर

वर्तमानपत्रातलं 'वाचकांची पत्रे' हे सदर फार कमी लोक वाचतात असं म्हणतात. पण प्रभाग कार्यालयातला अभियंता ते वाचतो, कारण आपल्या रस्त्याचं नाव त्यात आलं की दुपारपर्यंत वरून फोन येतो. म्हणून आमच्या मोहल्ल्यातून शाळेकडे जाणाऱ्या रस्त्याबद्दल मी मराठी दैनिकाला पत्र लिहिलं. ते छापून आलं, पण त्याला मथळा मिळाला तो 'अतिक्रमणामुळे विद्यार्थी रस्त्यावर'. पत्रातली नाला, डीपी आणि उंच कठडा यांवरची वाक्यं गेली, दुकानांच्या पायऱ्यांवरचं एक वाक्य तेवढं राहिलं. चार दिवसांनी अतिक्रमण विभागाची गाडी आली, चार हातगाड्या उचलून घेऊन गेली. दुसऱ्या दिवशी मुलं होती तिथेच, म्हणजे डांबरावरून चालत होती.

हे मला टोचलं, आणि त्याला कारण आहे. मुस्लिम वस्तीतल्या रस्त्याची गोष्ट निघाली की वाचणाऱ्याच्या मनात उत्तर आधीच तयार असतं: ही माणसंच अशी, रस्त्यावर पसरणारी. मथळा त्या तयार उत्तराला जाऊन मिळाला. आता दुसरं पत्र लिहायचं तर ते असं हवं होतं की कुणालाही एका वाक्यात उरकता येणार नाही. त्यासाठी मी दर्जीकामाचा नव्हे, गवंड्याचा पाच मीटरचा टेप घेतला, शेजारच्या दहावीतल्या दोन मुलांना सोबत घेतलं आणि चौकापासून शाळेच्या गेटपर्यंतचा रस्ता मोजला.

अंतर भरलं ६२० मीटर. चौकाकडून निघालं की पहिल्या २१० मीटरवर फुटपाथ आहे, रुंदी दोन मीटर. पण पाच ठिकाणी दुकानांच्या पायऱ्यांनी तो अडवला आहे आणि तिथे चालायला उरते ६० ते ९० सेंटिमीटर जागा. पुढचे १३० मीटर म्हणजे नाल्यावर टाकलेल्या लाद्या. अकरा ठिकाणी लादी फुटलेली किंवा गायब. त्यानंतर दहा मीटरवर विजेचा डीपी, त्याचं कुंपण आणि एक कडुनिंब, पलीकडे जायला वाटच नाही. मग येतात ७० मीटर, अगदी छान, रुंद, मोकळे. आणि शेवटचे २०० मीटर, शाळेच्या गेटपर्यंत, फुटपाथच नाही. माती, कचऱ्याचा कंटेनर आणि प्रवाशांची वाट बघणाऱ्या रिक्षा.

आता कागदावरचा हिशेब बघा. ६२० पैकी ४२० मीटरवर फुटपाथ 'आहे'. दोन तृतीयांश काम झालेलं. कार्यालयात कुणी विचारलं तर हेच सांगितलं जातं आणि ते खोटंही नाही. पण एका दुपारी मी शाळेच्या बाजूला उभं राहून मोजलं. आमची शाळा दोन पाळ्यांत भरते. बारा दहा ते बारा चाळीस या वेळात सकाळची मुलं सुटतात आणि दुपारची येतात, म्हणजे एकाच रस्त्यावर दोन्ही बाजूंनी लोंढा. त्या अर्ध्या तासात २१४ मुलं गेली-आली. त्यातली १८७ डांबरावरून.

त्या सत्तर छान मीटरांवरून तरी मुलं का चालत नाहीत? हे समजायला मी तिसरीतल्या एका मुलीच्या मागे मागे पूर्ण रस्ता चाललो. पहिल्या पायरीपाशी ती खाली उतरली. वर चढली. दुसऱ्या पायरीपाशी पुन्हा उतरली. तिसऱ्या वेळी ती वर चढलीच नाही. मोठा माणूसही तेच करतो. शिवाय त्या चांगल्या तुकड्याचा कठडा मी मोजला तर ३२ सेंटिमीटर निघाला. सहा वर्षांच्या मुलाच्या जवळजवळ गुडघ्याएवढा, आणि पाठीवर दप्तर. इंडियन रोड्स काँग्रेसच्या पादचारी सुविधांच्या २०१२ च्या मार्गदर्शिकेत कठड्याची उंची १५० मिलिमीटरपेक्षा जास्त नसावी असं आहे, आणि चालायची मोकळी रुंदी किमान १.८ मीटर. फुटपाथ हा साखळीसारखा असतो. एक कडी तुटली की उरलेल्या कड्या मोजण्यात अर्थ नसतो.

खाली उतरलेलं मूल रस्त्याच्या कडेनेही चालत नाही. कडेला दुचाकी आणि रिक्षा लागलेल्या असतात. त्यांच्या बाहेरून जायचं म्हणजे कठड्यापासून दोन मीटर आत, जिथे टेम्पो धावतो नेमक्या त्या पट्ट्यात. उभ्या टेम्पोमागून अचानक बाहेर आलेलं लहान मूल चालकाला दिसतच नाही, कारण ते टेम्पोच्या बॉनेटपेक्षा बुटकं असतं. साधा हिशेब आहे. ताशी ३० च्या वेगात गाडी सेकंदाला आठ मीटर पुढे जाते. चालकाला दिसून पाय ब्रेकवर जाईपर्यंत एक सेकंद, मग ब्रेक लागून थांबायला आणखी पाचेक मीटर. म्हणजे १३ मीटर. तोच वेग ५० असेल तर जवळजवळ २८ मीटर. आमच्या रस्त्यावर उभ्या गाडीपासून मुलापर्यंतचं अंतर कित्येकदा पाच मीटरही नसतं.

मग मी पायऱ्यांकडे वळलो. ज्या दुकानासमोर सर्वांत मोठी पायरी आहे, त्या चाचांना विचारलं. ते चिडले नाहीत. म्हणाले, "पायरी काढतो ना, आज काढतो. पण पावसाळ्यात दुकानात पाणी शिरलं तर कुठे जाऊ? दुकान लावलं तेव्हा मी रस्त्यापेक्षा वर होतो. आता रस्ता माझ्यापेक्षा वर आहे." बरोबर होतं त्यांचं. दर वेळी जुना थर न खरवडता त्यावरच नवा डांबराचा थर टाकला की रस्ता काही सेंटिमीटर उचलला जातो. चार-पाच वेळा असं झालं की दुकानं खड्ड्यात जातात, दुकानदार दारात उंबरा बांधतो, उंबऱ्याला पायरी लागते, आणि पायरी फुटपाथवर येते. अतिक्रमण आहे, ते नाकारायचं नाही. पण त्याची सुरुवात डांबरीकरणातून झाली आहे.

जुम्याच्या दिवसाबद्दलही बोलायला हवं, नाहीतर हे लेखन अर्धं राहील. शुक्रवारी नमाजला आलेल्यांच्या मोटारसायकली फुटपाथवर चढतात, आणि तीच दुपारच्या पाळीची वेळ. हे मी इमामसाहेबांकडे मांडलं. त्यांनी पुढच्या जुम्याला खुत्ब्याआधीच्या बयानात रस्त्याचा हक्क हा विषय घेतला. हदीसमध्ये येतं की रस्त्यावर बसणाऱ्यांना पैगंबरांनी रस्त्याला त्याचा हक्क द्यायला सांगितलं, आणि त्या हक्कांत कुणाला त्रास न देणं हाही एक आहे. वाटेतली इजा करणारी वस्तू बाजूला करणं हाही इमानचाच एक भाग मानला आहे. मशिदीच्या कमिटीने मागच्या मोकळ्या आवारात गाड्या लावायची सोय केली. हे आमच्या हातातलं होतं, म्हणून झालं. डीपी आणि २०० मीटर आमच्या हातातले नाहीत.

कायदाही आता स्पष्ट आहे. १४ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की चालण्याजोगा फुटपाथ हा अनुच्छेद २१ मधल्या जगण्याच्या हक्काचा भाग आहे, आणि पादचाऱ्यांसाठीची मार्गदर्शक तत्त्वं सादर करा असे निर्देश दिले. हातगाड्यांबद्दलही २०१४ चा पथविक्रेता कायदा आहे. सर्वेक्षण पूर्ण होऊन विक्री प्रमाणपत्रं मिळेपर्यंत विक्रेत्यांना हटवता येत नाही असं तो सांगतो. त्यामुळे मुलांच्या नावावर गाड्या उचलणं हा मुलांसाठीचा उपाय तर नव्हताच, वर तो एका गरिबाच्या पोटावर पाय होता.

हे सगळं पत्रात मावत नाही. संपादक दोन-अडीचशे शब्द देतात आणि लांब पत्र कापलं की कोणता भाग राहील ते आपल्या हातात नसतं. म्हणून दुसरं पत्र मी असं लिहिलं की कुठलंही वाक्य काढलं तरी बाकीचं उभं राहावं, आणि मागण्यांना क्रमांक दिले:

"मा. संपादक, स. न. चौकातून आमच्या शाळेकडे जाणाऱ्या ६२० मीटर रस्त्यावर पादचाऱ्यांना सलग चालता येईल असा फुटपाथ फक्त ७० मीटर आहे. दुपारी बारा दहा ते बारा चाळीस या वेळात मोजलेल्या २१४ मुलांपैकी १८७ वाहनांच्या मार्गातून चालत होती. याला एकच कारण नाही. नाल्यावरच्या ११ लाद्या नाहीत, डीपीने दहा मीटर वाट पूर्ण बंद आहे, कठडा ३२ सेंटिमीटर उंच आहे, शेवटच्या २०० मीटरवर फुटपाथ बांधलेलाच नाही, आणि रस्ता उंच होत गेल्याने दुकानांच्या पायऱ्या पुढे आल्या आहेत. आमच्या मागण्या अशा. १) लाद्या पावसाळ्यापूर्वी बसवाव्यात. २) डीपीला वळसा घालून जाण्यापुरती जागा रस्त्याच्या बाजूने खांब रोवून मुलांसाठी राखावी. ३) कठडा उतरता करावा. ४) उरलेल्या २०० मीटरचं काम कोणत्या वर्षी होणार ते लेखी कळवावं. ५) पुढील डांबरीकरणाआधी जुना थर खरवडावा. हातगाड्या हटवून यातलं एकही काम होत नाही. प्रशासनाने एकदा दुपारी बारा वाजता येऊन मुलांसोबत हा रस्ता चालून बघावा. कळावे, एक रहिवासी."

हे पत्र जवळजवळ जसंच्या तसं छापलं गेलं. मथळा या वेळी आकड्याचा होता: '६२० पैकी ७० मीटर'. सोबत मी माहिती अधिकारात दहा रुपयांचा अर्ज केला आणि त्या रस्त्याच्या कामाचा कार्यादेश व मोजमाप पुस्तिकेच्या प्रती मागितल्या. तीस दिवसांच्या मुदतीत उत्तर आलं. कार्यादेशात फुटपाथ गेटपर्यंत होता, मोजमाप ४२० मीटरवर थांबलेलं होतं, आणि शेरा होता: 'जलवाहिनीच्या कामामुळे उर्वरित लांबी प्रलंबित'. जलवाहिनी टाकून झाली, खड्डा बुजला, लांबी मात्र प्रलंबितच राहिली.

आजची स्थिती सांगतो. लाद्या बसल्या आहेत. डीपीजवळ सहा खांब लागले आहेत, त्यांच्या आतून मुलं एका ओळीत जातात. चाचांनी पायरी अर्धी केली आहे आणि पावसाळ्यात दारात लावायला लोखंडी पट्टी करून घेतली आहे. कठडा तसाच आहे. २०० मीटरचं काम पुढच्या अंदाजपत्रकात धरल्याचं पत्र माझ्याकडे आहे, त्यावर जावक क्रमांक आहे. अंदाजपत्रक मंजूर झालं की तो क्रमांक लिहून तिसरं पत्र पाठवायचं आहे. तोपर्यंत दहावीतली ती दोन मुलं दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी दुपारी गेटजवळ उभी राहून मोजतात. मागच्या वेळी त्यांनी मोजलेल्या २०८ पैकी १२१ मुलं डांबरावर होती.