अपलोडची पूर्वतयारी

परीक्षेच्या आदल्या दिवशी घरातले इंटरनेट तपासायचे म्हणून तुम्ही बहुधा एखादा व्हिडिओ लावून पाहता आणि तो न अडखळता चालला की निश्चिंत होता. परंतु त्यातून कळतो तो केवळ डाउनलोडचा वेग. देखरेखीखालील परीक्षेत प्रश्नपत्रिका खाली येते ती अगदी थोड्या डेटात. उलट तुमचे चित्र आणि आवाज मात्र तीन तास अखंड वर जात राहतात. भार पडतो तो अपलोडवर.

यात एक फसवी गोष्ट आहे. पडद्याच्या कोपऱ्यात दिसणारे आपले स्वतःचे चित्र बहुधा थेट कॅमेऱ्यातून येते, नेटवर्कवरून फिरून नव्हे. पर्यवेक्षकाला तुम्ही गोठलेले दिसत असलात, तरी तुमच्या पडद्यावर पापणीसुद्धा व्यवस्थित लवते. म्हणून मी मोबाइल डेटावरील दुसऱ्या फोनवरून लॅपटॉपला व्हिडिओ कॉल लावतो आणि दहा मिनिटे त्या फोनवर स्वतःला न्याहाळतो. (घरच्यांना हा प्रकार विनोदी वाटतो.)

वेगाची चाचणी परीक्षेच्याच वेळी आणि परीक्षेच्याच जागी घ्यावी. साध्या कॅमेरा-चित्राला सेकंदाला अर्धा ते एक मेगाबिट पुरतो. वेग वरखाली होतो म्हणून मी किमान दोन-तीन मेगाबिटांची अपेक्षा धरतो. माझ्या आतल्या खोलीत सकाळी दहाला अपलोड ०.८ भरला, राउटरशेजारी मात्र ६. अडसर दोन भिंतींचा होता. केबल ओढताच तो सरला. पण थोड्याच वेळात हा ६ देखील १ वर उतरला. शोध घेतला तेव्हा कळले, की चार्जिंगला लावलेला घरातला एक फोन लग्नाचे फोटो मुकाट्याने वर पाठवत होता. तो वायफायवरून काढला आणि आकडा पुन्हा पूर्ववत झाला.

आता पर्यायी जोडणी. वीज गेली की लॅपटॉप बॅटरीवर चालतो, पण राउटर विझतो. त्यामुळे तो इन्व्हर्टरवर नसेल तर मोबाइलचा हॉटस्पॉट हाच आधार. हे सिमकार्ड शक्यतो निराळ्या कंपनीचे असावे. सेकंदाला एक मेगाबिट म्हणजे तीन तासांत १०,८०० मेगाबिट. आठाने भागले की सुमारे १,३५० मेगाबाइट. दिवसाला दीड जीबीचा पॅक असेल, तर त्या दिवशी परीक्षेआधी त्यातून काहीच खर्च करू नये.

सराव परीक्षेची सोय असेल तर ती सुरू असताना राउटर मुद्दाम बंद करा. जोडणी बदलली की काही प्रणाली पुन्हा लॉगिन मागतात. त्यात किती मिनिटे जातात ते मोजून ठेवा. खोलीत फोन ठेवण्यास मनाई असल्यास हॉटस्पॉटचा फोन शेजारच्या खोलीत, दाराजवळ ठेवावा आणि अपलोड तिथून पुन्हा मोजावा.